ऑफिसची वेळ बदलल्याचा मेल: परिपत्रकातून माणूस कुठे जातो?

प्रश्न: आमच्या ऑफिसची वेळ साडेनऊ ते सहाऐवजी साडेआठ ते पाच होणार आहे. सगळ्यांना मेल करायचं काम माझ्याकडे आलंय. मी मसुदा लिहिला तर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "हे तर तहसील कचेरीतलं परिपत्रक वाटतंय, तू लिहिलंस असं वाटतच नाही." कठीण शब्द काढून बघितले, तरी तसंच वाटतं. काय चुकतंय? मसुदा असा आहे:

*"सर्व कर्मचाऱ्यांना याद्वारे कळविण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव कार्यालयीन वेळेत दि. ३ ऑगस्टपासून बदल करण्यात येत आहे. सुधारित वेळ सकाळी ८.३० ते सायंकाळी ५.०० अशी राहील. तरी सर्वांनी सदर बदलाची नोंद घेऊन वेळेवर उपस्थित राहावे. अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे."*

उत्तर:

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमध्ये आधी पर्सोनेल आणि मग नाव बदलून एचआर झालेल्या खात्यात मी बावीस वर्षं काढली. असे मसुदे मी शेकड्यांनी लिहिले असतील. तुमचा मसुदा परिपत्रक म्हणून वाईट नाही. पण तुम्हाला परिपत्रक नको आहे, म्हणून त्यात नक्की काय आडवं येतंय ते बघू.

शब्द सोपे करूनही फरक पडला नाही असं तुम्ही म्हणता, ते बरोबरच आहे. 'सदर'च्या जागी 'या' घाला, 'याद्वारे' काढून टाका, 'राहावे'चं 'राहावं' करा. "सर्वांनी या बदलाची नोंद घेऊन वेळेवर हजर राहावं." परिपत्रकाला घरचे कपडे घातले, एवढंच झालं. माणूस तोच राहिला, किंबहुना माणूस नाहीच. तुमची पाचही वाक्यं परत वाचा. कळवतंय कोण? 'कळविण्यात येते.' बदल कोणी केला? 'करण्यात येत आहे.' कारवाई कोण करणार? 'करण्यात येईल.' सगळ्या मेलमध्ये काम करणारं एकही माणूस नाही. ज्यांच्यावर हे येऊन पडणार ते आहेत, पण तेही 'सर्व कर्मचारी' म्हणून. त्यात तुम्ही स्वतः आहात की नाही, कळत नाही.

मराठीत ही '-ण्यात येते'ची सोय फार जुनी आहे आणि ती उगाच आलेली नाही. परिपत्रक लिहिणारा अधिकारी उद्या बदलून जाईल, खुर्ची राहील. म्हणून वाक्यात खुर्ची बोलते, माणूस नाही. दोन वर्षांनी वाद झाला तर तो कागद काढून दाखवता यावा, हे त्याचं काम. ते काम तुमच्याकडेही असू शकतं, त्याबद्दल शेवटी लिहिते. पण एकाच कागदाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलात की मेल आपोआप परिपत्रकाकडे झुकतो.

तेव्हा पहिली दुरुस्ती शब्दांची नाही, कर्त्याची. मेल कोण लिहितंय? तुम्ही. मग 'मी' येऊ द्या. निर्णय कोणाचा? तुमचा नाही. मग ज्यांचा आहे त्यांचं नाव किंवा पद येऊ द्या. आमच्याकडे नवीन मुली इथे नेमक्या अडखळायच्या. साहेबांचा निर्णय साहेबांच्या नावाने सांगायचा संकोच, म्हणून 'आम्ही ठरवले आहे' असं लिहायच्या. हा 'आम्ही' कोण? वाचणारा त्यात नाही, हे मात्र त्याला लगेच कळतं. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येतो. हा फरक आपल्याकडे फुकट मिळालेला आहे, तो वापरा. "३ तारखेपासून आपण साडेआठला सुरू करतोय" या वाक्यात तुम्हीही साडेआठला येणार आहात हे न सांगता आलं.

दोन ठिकाणी मात्र जपा. एक म्हणजे हाच 'आपण' आदरार्थीसुद्धा आहे. "आपण वेळेवर उपस्थित राहावे" यातला 'आपण' जवळ घेत नाही, हात जोडून दूर उभा करतो. एकाच मेलमध्ये दोन्ही 'आपण' आले तर वाचणारा गोंधळतो. म्हणून सगळ्यांचा मिळून असेल तिथे 'आपण' आणि वाचणाऱ्याला सांगायचं असेल तिथे सरळ 'तुम्ही' ठेवा. दुसरं म्हणजे तुमचे साहेब जर दहालाच येत राहणार असतील, तर त्यांच्या सहीच्या मेलमध्ये 'आपण सगळे साडेआठला' लिहू नका. लोक पार्किंगमधली गाडी बघतात.

आता भाषेपेक्षा मोठी गोष्ट. तुमच्या मसुद्यात जे लिहिलंय त्यापेक्षा जे नाही त्यामुळे तो जास्त परिपत्रक वाटतो. सहकारी म्हणजे कोण? तर चहाच्या टपरीवर ज्याला आपण पुढचा प्रश्न विचारू शकतो तो. परिपत्रकाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून ते प्रश्न तुम्हीच आधी ओळखून मेलमध्येच उत्तर द्यायचं.

हे मला एका फजितीतून कळलं. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आमच्या ऑफिसची वेळ अशीच तासाने आधी आली होती. मी अगदी गोड मेल लिहिला. मंडळी, आता संध्याकाळ तुमची, वगैरे. स्वतःवर खूश होते. सोमवारी सकाळी फोन आला. हडपसरच्या थांब्यावर अकरा जण उभे, बस येऊन गेलेली. वेळ बदलली म्हणजे बसही तासाने आधी येणार हे मी गृहीत धरलं होतं, त्यांनी धरलं नव्हतं. ड्रायव्हरला ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितलं होतं, प्रवाशांना कोणीच नाही. त्या अकरा जणांना रिक्षाचे पैसे द्यावे लागले. शिवाय दोन दिवस मला कोणी भेटलं की हसून विचारायचं, "काय मॅडम, संध्याकाळ आमची, आणि सकाळ कोणाची?"

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली. मेल लिहायच्या आधी तिघांना तोंडी सांगायचं. एक बसने येणारा, एक लहान मूल असलेली आणि एक जण असा जो कशालाही पटकन हो म्हणत नाही. फक्त एवढंच सांगायचं, "तीन ऑगस्टपासून साडेआठ ते पाच होतंय." आणि गप्प बसायचं. त्यांच्या तोंडून जे पहिले पाच-सहा प्रश्न निघतील ते कागदावर लिहायचे. बहुतेक वेळा ते असे निघतात: का? तास वाढले का? बस कधी? जेवणाची सुट्टी? लेटमार्कचं काय? मला जमणारच नसेल तर? तुमच्या मसुद्यात यांतल्या एकाचंही उत्तर नाही. गंमत म्हणजे याच क्रमाने उत्तरं लिहिली तर मेल जवळजवळ तयार होतो.

यातल्या 'का?'वर थोडं थांबते. 'प्रशासकीय कारणास्तव' म्हणजे कारण सांगायचं नाही, असं वाचलं जातं. आणि कारण सांगितलं नाही की लोक स्वतःचं कारण तयार करतात. माझ्याकडे एकदा तीन दिवसांत चार कारणं तयार झाली होती. विजेचं बिल कमी करायचंय, कंपनी विकली जातेय, दुसरी शिफ्ट सुरू होणार, ओव्हरटाइम बंद करायचाय. खरं कारण साधं होतं आणि सांगण्यासारखं होतं, फक्त आम्हाला सुचलं नव्हतं की ते सांगावं. तुमचं कारण मला माहीत नाही. साहेबांना विचारताना 'कारण काय लिहू?' असं विचारू नका, त्याला 'प्रशासकीय' हेच उत्तर मिळतं. 'आत्ताच्या वेळेमुळे नेमकं काय अडतंय?' असं विचारा. मग गाडी, बँक, ग्राहक, क्लायंटचा देश, असं काहीतरी डोळ्यांना दिसणारं हाती लागेल. कारण खरोखरच गोपनीय असेल तर "कारण आत्ता सांगता येत नाही, पण पगार आणि तास यांच्याशी त्याचा संबंध नाही" एवढं तरी लिहा. अर्थात ते खरं असेल तरच.

'तास वाढले का?' हा दुसरा प्रश्न लोक मोठ्याने विचारत नाहीत, पण बोटांवर मोजतात. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा सुरू केला आणि कार्यालयाची वेळ सकाळी ९:४५ ते संध्याकाळी ६:१५ केली, ते आठवतंय का? माझी बहीण तेव्हा मुंबईत सरकारी नोकरीत होती. बातमी होती सगळे शनिवार मिळाल्याची, पण आमच्या घरात बोलणं झालं ते साडेपाचचे सव्वासहा झाल्याचं. शनिवार मिळाल्याचा आनंद होताच, तरी पाऊण तासाचा हिशोब कोणी विसरलं नाही. तुमच्याकडे साडेनऊ ते सहा म्हणजे साडेआठ तास आणि साडेआठ ते पाच म्हणजेही साडेआठच. हे तुम्हाला उघड वाटतं म्हणून लिहायचं राहून जातं. लिहा. चार शब्दांत होतं.

आणि त्रास होणार असेल तर तोही लिहा. इथे माझं मत जरा कडक आहे. सहकाऱ्यासारखं लिहायचं म्हणून वाईट बातमीला चांगलं म्हणायचं, ही परिपत्रकापेक्षा वाईट गोष्ट. परिपत्रक निदान फसवत नाही. सकाळचा एक तास जाणं हे ज्यांना मुलाचा डबा करून त्याला आठच्या व्हॅनमध्ये बसवायचंय त्यांच्यासाठी संध्याकाळच्या तासाने भरून निघत नाही. 'लवकर घरी जायला मिळेल!' हे उद्गारचिन्हासकट वाचून त्यांना काय वाटेल याचा विचार करा. 'हे सगळ्यांना सोयीचं नाही' असं एक साधं वाक्य तुम्हाला सहकाऱ्यांच्या बाजूला आणून बसवतं.

राहिली 'अन्यथा कारवाई'. ही जवळपास सवयीने येते, जशी लग्नपत्रिकेत 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' येते. पण मागे काही ठरलेलं असतं का? पहिल्या दिवशी ८:४२ ला पंच केलं तर काय होणार, हे साहेबांना तरी माहीत आहे का? बहुतेक नसतं. तुम्ही लिहायच्या आधी ते ठरवून घ्या: पहिले किती दिवस सवलत, मशीनमध्ये ती कोण घालणार, आणि नंतर काय. आकडा लिहिला की धमकीची गरज उरत नाही. मात्र सवलत मेलमध्ये लिहिली आणि टाइम ऑफिसने मशीनमध्ये जुनीच दहा मिनिटं ठेवली, तर महिनाअखेरीस वीस जणांचे लेटमार्क तुमच्या नावाने निघतील. हेही माझ्याकडे झालेलं आहे. मेल पाठवायच्या आधी टाइम ऑफिसकडून 'बदल केला' हे लेखी घ्या.

आता मेल लिहून दाखवते. कारण, बसच्या वेळा आणि सवलती माझ्या एका जुन्या ऑफिसच्या धर्तीवर घातल्या आहेत, त्या जागी तुमच्या घाला. लिहिणारी प्रशासनातली आहे आणि स्वतः लोकलने येते असं धरलंय.

> विषय: ३ ऑगस्टपासून ऑफिस साडेआठ ते पाच
>
> नमस्कार,
>
> सोमवार, ३ ऑगस्टपासून आपलं ऑफिस सकाळी साडेआठला सुरू होईल आणि संध्याकाळी पाचला सुटेल. एकूण तास आत्ताएवढेच राहतील. जेवणाची सुट्टी एकऐवजी साडेबाराला होईल. शनिवारच्या सुट्ट्यांमध्ये काही बदल नाही.
>
> कारण डिस्पॅचचं आहे. प्लांटवर सातपासून गाड्या भरायला लागतात, पण बिलं आणि ई-वे बिलं आपण साडेनऊला आल्यावर करायला घेतो. त्यामुळे भरलेली गाडीसुद्धा अकरा-साडेअकरापर्यंत गेटवर उभी राहते आणि लांबच्या ग्राहकांकडे माल एक दिवस उशिरा पोचतो. आधी फक्त डिस्पॅचच्या चौघांना लवकर बोलावून पाहिलं. पण रेटचं किंवा क्रेडिटचं काही अडलं की विचारायला अकाउंट्स आणि सेल्समध्ये कोणी नसायचं. म्हणून डायरेक्टरसाहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांशी बोलून पूर्ण ऑफिसचीच वेळ बदलायचं ठरवलं.
>
> बस सगळ्या रूटवर बरोबर एक तास आधी येईल. म्हणजे तुमच्या थांब्यावर आत्ता ८:०० ची असेल तर ३ तारखेपासून ७:०० ची. परतीची बस ५:१० ला सुटेल. कँटीनमध्ये नाश्ता सव्वाआठपासून मिळेल.
>
> पहिले दोन आठवडे, म्हणजे शुक्रवार, १४ ऑगस्टपर्यंत, नऊच्या आत पंच केलं तर लेटमार्क लागणार नाही. सोमवार, १७ तारखेपासून नेहमीसारखी दहा मिनिटांची सवलत.
>
> हे सगळ्यांना सोयीचं नाही, याची कल्पना आहे. मलाही एक लोकल आधीची धरावी लागणार. ऑफिसची वेळ आता ठरलेली आहे, पण मुलांची शाळा, घरातलं आजारपण अशा कारणाने तुम्हाला साडेआठ जमणारच नसेल तर नऊ ते साडेपाच अशी वेळ काही जणांना देता येईल. त्यासाठी २० जुलैपर्यंत तुमच्या विभागप्रमुखांशी बोला किंवा मला येऊन भेटा.
>
> सहीची रीतसर सूचना सोबत जोडली आहे. ती पंचिंग मशीनशेजारीही लावली आहे.
>
> (नाव), प्रशासन, एक्स्टेंशन नंबर

तुमच्या मसुद्यापेक्षा हा जवळपास पाचपट लांब आहे, हे तुमच्या साहेबांच्या लगेच लक्षात येईल. "एवढं कोण वाचतं?" असं म्हणतील. त्यांना दाखवा की ज्याला फक्त वेळ हवी त्याला ती विषयातच मिळाली, मेल उघडायचीही गरज नाही. पुढचे परिच्छेद ज्याला ज्याची काळजी आहे तो शोधून वाचतो. बसवाला बसचा, आई शेवटून दुसरा. तुमच्या पाच ओळी सगळ्यांनी पूर्ण वाचल्या असत्या आणि मग पन्नास जणांनी तुम्हाला फोन केला असता.

काही जागा जवळून बघण्यासारख्या आहेत. 'साडेआठला सुरू होईल', 'साडेआठ वाजता सुरू होणार असून' नाही. 'असून', 'तसेच', 'त्याचप्रमाणे' यांनी वाक्यं एकमेकांना बांधली की आवाज लगेच बदलतो. आपण बोलताना वाक्य संपवतो आणि दुसरं सुरू करतो. तुमच्या मसुद्यातला 'तरी' पण बघा. "तरी सर्वांनी नोंद घ्यावी." बोलताना आपण 'तरी' कधी वापरतो? 'पाऊस होता तरी गेलो.' इथे तसा काहीच विरोध नाही, तो फक्त सरकारी बिजागरी आहे. तो काढला की त्याच्या पुढचं वाक्यही बहुतेक वेळा गळून पडतं, कारण 'नोंद घ्या' हे मेल पाठवण्यातच आलं. 'कृपया'चं तसंच. विनंती खरी असेल तिथे तो राहू द्या. जिथे नाही म्हणण्याची मुभाच नाही तिथे 'कृपया' म्हणजे हुकूमच, फक्त मऊ आवाजात.

'ऑफिसची वेळ आता ठरलेली आहे, पण' हे वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. काय पक्कं आहे आणि कशावर बोलता येईल, ही रेष स्पष्ट हवी. 'तुमच्या सूचनांचे स्वागत आहे' असं लिहून मोकळं होणारे मी खूप पाहिले. लोक खरंच सूचना देतात. दहा जण लिहितात की नऊ वाजता करा, कोणी उत्तर देत नाही, आणि पुढच्या वेळी तुमचा कितीही आपुलकीचा मेल असो, कोणी विश्वास ठेवत नाही. उलट 'नऊ ते साडेपाच' ही सोय मान्य झालेली नसेल तर ते वाक्य टाकूच नका. मग फक्त 'अडचण असेल तर विभागप्रमुखांशी बोला' एवढंच लिहा.

मी पहिल्या खर्ड्यात लिहून काढून टाकलेली दोन वाक्यंही सांगते. एक होतं, "आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, त्यामुळे समजून घ्याल." वेळ बदलताना कुटुंब आठवणं लोकांना बरोबर कळतं. दुसरं होतं, "कारण लिहून द्यायची गरज नाही, नुसतं येऊन सांगा." ऐकायला छान, पण नंतर कोणाला सोय दिली आणि कोणाला नाही यावरून कुरबुर झाली की विभागप्रमुखाकडे दाखवायला काही नसतं. सहकारी म्हणून लिहिलं तरी आपण प्रशासनात आहोत, हे सुटू देऊ नये.

सुरुवातीच्या 'नमस्कार'वर हसू नका. 'मंडळी', 'दोस्तहो', 'हाय ऑल' यातलं काय चालेल हे तुमचं ऑफिस ठरवतं. वीस जणांच्या ऑफिसात रोज सगळ्यांना 'अरे-तुरे' करत असाल तर 'मंडळी' चालेल. जिथे पंचावन्न वर्षांचे अकाउंट्समधले काका आहेत आणि तुम्हाला लागून तीनच वर्षं झालीत, तिथे ते ओढून आणलेलं वाटतं. एक साधी परीक्षा आहे: तुम्ही त्या काकांच्या टेबलाशी उभं राहून हेच वाक्य बोलाल का? 'साडेआठला सुरू होईल, काका' हे बोलाल. 'मंडळी, एक गोड बातमी!' हे नाही बोलणार. मग लिहूही नका.

आता सुरुवातीला सोडलेली गोष्ट. वर मेलमध्ये 'सहीची रीतसर सूचना' जोडली आहे ती शोभेसाठी नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ नुसार कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा बदलायच्या असतील तर 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आधी सूचना देऊन २१ दिवस थांबावं लागायचं. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवस तसेच ठेवले आहेत. ऑफिसात बसणारा म्हणजे कामगार नाही, असा एक गैरसमज असतो. कारकुनी काम करणारेही त्या व्याख्येत येऊ शकतात. तास तेवढेच ठेवून फक्त सुरुवात सरकवली तर ही सूचना लागते का, हे तुमच्या आस्थापनेवर, स्थायी आदेशांवर आणि युनियनशी करार असेल तर त्यावर अवलंबून आहे. ते तुमच्या कामगार सल्लागाराला विचारायला साहेबांना सांगा. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की ती सूचना वेगळा कागद राहू द्या. तुमचा मूळ मसुदा तिथे थोड्या फेरफाराने चालेल, फेकून देऊ नका. फक्त 'प्रशासकीय कारणास्तव' आणि 'अन्यथा' तिथूनही काढा, आणि तारखा दोन्हीकडे एकच आहेत हे दोनदा तपासा. एकदा आमच्या मेलमध्ये सोमवार होता आणि सूचनेत १ तारीख. ती आली होती शनिवारी.

मेल कोणाच्या नावाने जावा, हेही ठरवून घ्या. तुमच्याच नावाने जाणार असेल तर वरच्यासारखा. साहेबांच्या नावाने जाणार असेल तर 'मलाही एक लोकल आधीची' काढा आणि 'मी विभागप्रमुखांशी बोलून ठरवलं' असं करा. तेव्हा मजकूर आणखी छोटा आणि सरळ ठेवा, बस-नाश्त्याचा तपशील खाली तुमच्या नावाने द्या. साहेबांनी नाश्त्याची वेळ सांगितलेली कोणालाच खरी वाटत नाही.

आणि ज्यांना मेल जात नाही त्यांना विसरू नका. ऑफिस उघडणारा शिपाई, साफसफाईच्या बायका, गेटवरचा सिक्युरिटी, कँटीनवाला. यांची वेळ तुमच्याहूनही आधी सरकते. ऑफिस साडेआठला उघडायचं तर झाडूपोछा सातला सुरू व्हायला हवा. त्यांना मेल नको, समोर जाऊन सांगा, आणि बाकीच्यांच्या आधी सांगा.

पाठवायची वेळ: ३ ऑगस्टच्या आधी २१ दिवस हवेत म्हणून उशिरात उशिरा ९ जुलैचा गुरुवार धरा, सकाळी अकराच्या सुमारास. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलात तर लोक शनिवार-रविवार घरी बसून चिडतील आणि तुम्ही उत्तर द्यायला नसाल. गुरुवारी दिवसभर जागेवर बसा. पहिले दोन-तीन जण टेबलाशी येऊन जे विचारतील ते तुमच्या मेलमध्ये राहून गेलेलं असेल. ते शुक्रवारी सकाळी त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळींत सगळ्यांना पाठवा. ३१ जुलैच्या शुक्रवारी दुपारी बसची वेळ एकदा परत, फक्त एका ओळीत. निदान हडपसरवाल्यांसाठी तरी.